डोळा मिटलेला असताना

ढाक डावाची माझी फिल्म पहिल्यांदा पाहिली ती एका वस्तादांनी, आणि त्यांनी ती दहाव्या सेकंदाला थांबवायला लावली. तालमीतल्या पोरांना डाव नीट दिसावा, पकड कुठे घेतली आणि पाय कधी घातला हे सावकाश कळावे, म्हणून मी पट्टी चौपट संथ केली होती. संगणकावर ती लोण्यासारखी सरकत होती आणि मी माझ्यावरच खूश होतो. वस्तादांनी पडद्याजवळ तोंड नेले. "अहो, हा हात इथनं सुटलाच नव्हता," ते म्हणाले. "मी स्वतः कडेला उभा हुतो. ह्यात पकड सुटून परत घेतल्यागत दिसतंय. पोरं हे बघून शिकली तर मान मोडून घेतील."

मी पट्टी मागे नेऊन एकेक फ्रेम पाहिली. ते म्हणत होते तसेच होते. वरच्या पैलवानाची बोटे प्रतिस्पर्ध्याच्या दंडावर होती, पुढच्या तीन फ्रेममध्ये ती दंडात विरघळली आणि चौथीत पुन्हा प्रकटली. त्या तीन फ्रेम कॅमेऱ्याने टिपलेल्या नव्हत्या. संगणकाने त्या रचल्या होत्या, आणि रचायला मीच सांगितले होते, फक्त आपण काय सांगतो आहोत हे मला तेव्हा कळले नव्हते. ते कळून घ्यायला पुढे बरेच महिने गेले. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो.

हिशोब अगदी साधा आहे. आपल्याकडचा नेहमीचा व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा. पैलवानाचे पाय मातीवरून सुटल्यापासून पाठ टेकेपर्यंत या डावाला सुमारे ०.८ सेकंद लागले होते, म्हणजे माझ्याकडे त्या डावाच्या एकूण २० फ्रेम होत्या. तो चौपट संथ करायचा तर ३.२ सेकंद चालायला हवा, आणि तेवढ्या वेळाला ८० फ्रेम लागतात. उरलेल्या ६० कुठून आणायच्या? मंद गतीचा सगळा प्रश्न एवढाच आहे.

पण २० फ्रेममध्येही डाव पूर्ण नसतो. कॅमेऱ्याचे शटर प्रत्येक फ्रेमसाठी सहसा १/५० सेकंद उघडे ठेवतात, म्हणजे फ्रेमच्या वाट्याला आलेल्या वेळाच्या निम्मे. उरलेला निम्मा वेळ कॅमेऱ्याचा डोळा मिटलेला असतो. डावातला सर्वांत वेगवान भाग म्हणजे झाडून आणलेला पाय. तो सेकंदाला ५ मीटर गेला असे धरू. मग एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत तो २० सेंटिमीटर सरकतो. पहिले १० सेंटिमीटर फ्रेममध्ये धूसर पट्ट्यासारखे उमटतात, पुढचे १० कोणीच पाहिलेले नसतात. नेहमीच्या वेगाने पाहताना ही धूसरता आपल्याला खटकत नाही, उलट तिच्यामुळेच हालचाल सलग वाटते. पट्टी संथ केली की तीच धूसरता डाग होऊन दिसते.

या उणिवेवर संगणकाजवळ तीन उपाय असतात, आणि संपादनाच्या बहुतेक प्रणालींत ते एका यादीत बसलेले दिसतात. मी वापरतो त्या डाविंची रिझॉल्व्हमध्ये त्यांची नावे Nearest, Frame Blend आणि Optical Flow अशी आहेत. पहिला उपाय प्रामाणिक पण ओबडधोबड. तो जवळची खरी फ्रेम पुन्हा पुन्हा दाखवतो. चौपट संथ केल्यावर प्रत्येक फ्रेम चार वेळा येते, सेकंदाला जेमतेम सहा वेगळी चित्रे दिसतात आणि पैलवान धक्के खात पडतो. दुसरा उपाय शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळतो. पाय दोन ठिकाणी अर्धाअर्धा दिसतो, भुताखेताच्या सिनेमातल्यासारखा. पण तोही फसवत नाही, कारण मिसळण सरळ ओळखू येते.

तिसऱ्या उपायाने मला फसवले. तो दोन फ्रेम शेजारी ठेवून पहिलीतला प्रत्येक ठिपका दुसरीत कुठे गेला ते शोधतो, आणि मग मधल्या वेळी तो वाटेत कुठे असेल ते काढून नवे चित्र बनवतो. मोकळ्या आकाशात एक पक्षी उडत असेल तर हे काम फार सुरेख होते. कुस्तीत मात्र त्याची गोची होते. दोन्ही पैलवान लालसर मातीने माखलेले, मागे हौद्यातली तीच माती. ठिपका कोणाचा, दंडाचा की मनगटाचा, हे रंगावरून ठरत नाही. त्यात एकाच्या हाताआड दुसऱ्याची बोटे जातात आणि पुढच्या फ्रेमला बाहेर येतात. आड गेलेल्या वस्तूचा माग काढता येत नाही, म्हणून संगणक तिथे आजूबाजूचे ताणून भरतो. बोटे विरघळली ती तिथेच. ओळखायची खूण अशी: दोन अवयव एकमेकांना ओलांडतात त्या जागी पाहावे, किंवा पळत्या माणसाच्या मागे खिडकीचे गज, जाळी, कुंपण असेल तिथे पाहावे. कडा पाण्यात पाहिल्यासारखी हलली तर ती फ्रेम रचलेली आहे.

मूळ उपाय जुनाच आहे: संथ दाखवायचे ते चित्रण करतानाच जास्त फ्रेम घेऊन टिपायचे. हाताने कॅमेरा फिरवण्याच्या काळात हे हँडलच्या वेगावर होते. आपल्याकडे सिनेमाच्या वेगाशी पहिला खेळ झाला तो मात्र उलट दिशेने. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये इंग्लंडहून कॅमेरा आणला आणि राजा हरिश्चंद्रच्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारी छोटी पट्टी केली. कुंडीसमोर कॅमेरा ठेवून दिवसांमागून दिवस थोड्याथोड्या फ्रेम घ्यायच्या आणि सगळे मिनिटभरात दाखवायचे. भांडवल देणाऱ्याला दाखवण्यासाठी ही पट्टी उपयोगी पडली, हे चित्रपटाच्या इतिहासात वाचकांनी वाचलेच असेल. त्या पट्टीतही दोन फ्रेममधला फार मोठा काळ कोणी पाहिलेला नव्हता. पण रोप संथ वाढते, त्यामुळे न पाहिलेल्या काळात दगाफटका व्हायचा संभव कमी. पैलवानाचे तसे नसते.

संथ चित्रणासाठीचे यंत्र ऑस्ट्रियातल्या ग्राझचे एक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक आउगुस्ट मुसगर यांनी १९०४ मध्ये पेटंटात मांडले. फिल्म थांबत थांबत न सरकता सलग धावते आणि फिरते आरसे तिच्यावर चित्र स्थिर धरतात, अशी त्यांची कल्पना. पेटंटाचे शुल्क भरणे त्यांना परवडले नाही, आणि यंत्राचा लाभ पुढे जर्मनीतल्या कारखान्याला झाला. एवढी खटपट कशासाठी, तर डोळा अधिक वेळा उघडावा म्हणून. आजचा साधा कॅमेरा सेकंदाला १०० किंवा १२० फ्रेम घेतो, काही मोबाइल २४० घेतात, आणि आपल्याला त्याचे काहीच वाटत नाही.

तर मी पुन्हा चित्रण करायचे ठरवले. वस्तादांनी पोरांना तयार केले आणि आम्ही एका कुस्तीच्या हॉलमध्ये संध्याकाळी जमलो. मी कॅमेरा १२० वर ठेवला, कारण १०० पेक्षा १२० जास्त, आणि जास्त ते चांगले अशी माझी समजूत. घरी येऊन पट्टी संथ केली तर सगळा हॉल धपापत होता. उजेड कमी होई, वाढे, पुन्हा कमी होई, सेकंदाला सुमारे चार वेळा.

याचे कारण दिव्यांत होते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि त्या हॉलमधले दिवे प्रत्येक आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा उजळत-मंदावत होते. डोळ्याला ते कळत नाही. पण १२० फ्रेम आणि १०० ठोके यांचे जमत नाही. प्रत्येक फ्रेमला ठोक्याचा वेगळा तुकडा मिळतो, आणि सहा फ्रेमनंतर तोच क्रम परत येतो. त्या फ्रेम सेकंदाला २५ च्या गतीने दाखवल्या की २५ भागिले ६, म्हणजे चारांहून किंचित जास्त धपापे. जिथे वीज ६० आवर्तनांची आहे, जसे अमेरिकेत, तिथे १२० अगदी जुळते. आपल्याकडे मात्र १०० जुळते. उन्हात किंवा चांगल्या प्रतीच्या एलईडीखाली हा त्रास नाही.

या १२० च्या आकड्याने आणखी एक धडा दिला, तोही सांगतो, कारण ही चूक मी इतरांच्या पट्ट्यांतही पाहतो. संपादनात वेगाच्या चौकटीत आपण २५ टक्के असे सवयीने लिहितो. १२० फ्रेमच्या चित्रणाला २५ टक्के दिले की टाइमलाइनच्या प्रत्येक फ्रेमला मूळच्या १.२ फ्रेम पुढे जावे लागते. सव्वा फ्रेम, दीड फ्रेम अशी काही वस्तू नसते. मग संगणक एक, एक, एक, एक अशी पावले टाकतो आणि पाचव्या वेळी दोन. दर पाच फ्रेमला हा बारीक ठेचाळा बसतो, सेकंदाला पाच वेळा. बघणाऱ्याला नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही, पण चाल गुळगुळीत नाही एवढे जाणवते. तिथे २०.८३ टक्के लिहिले की प्रत्येक मूळ फ्रेम एकदाच येते आणि ठेचाळा जातो. सेकंदाला २५ च्या टाइमलाइनवर १०० फ्रेमला २५ टक्के हेच बरोबर, त्यामुळे तिथे सवय आणि गणित जुळते.

तिसऱ्या वेळी मी १०० फ्रेम घेतल्या आणि शटर १/१०० ठेवले. जाणकार यावर नाक मुरडतील. नियमाप्रमाणे शटर फ्रेमच्या निम्मे, म्हणजे १/२०० हवे. मी तो नियम मोडला त्याला तीन कारणे होती. एक तर १/१०० मध्ये प्रत्येक फ्रेमला दिव्याचा बरोबर एक पूर्ण ठोका मिळतो, त्यामुळे धपापणे नाहीसे झाले. दुसरे, १/२०० पेक्षा दुप्पट उजेड मिळाला, आणि हॉल अंधारा होता. तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते: १/१०० ठेवले की कॅमेऱ्याचा डोळा जवळजवळ मिटतच नाही. एक फ्रेम संपते तिथे पुढची सुरू होते. पाय प्रत्येक फ्रेममध्ये ५ सेंटिमीटर सरकतो आणि ते पाचही सेंटिमीटर कुठेतरी नोंदलेले असतात. थोडी धूसरता येते, पण बोटे कुठे आहेत ते वस्ताद सांगू शकतात.

आता दुसरा अर्धा प्रश्न, वेग बदलण्याचा. अख्खी कुस्ती चौपट संथ दाखवली तर पोरे झोपतील. शिवाय डावाचा झपाटा नेहमीच्या वेगातच कळतो. म्हणून पैलवान नेहमीच्या वेगाने भिडावेत, पाय सुटायच्या क्षणी वेळ संथ व्हावी, पाठ टेकल्यावर पुन्हा पूर्ववत व्हावी. यालाच स्पीड रॅम्प म्हणतात, वेगाचा उतार. कुरोसावांच्या सेव्हन सामुराईत, १९५४ मध्ये, झोपडीतून बाहेर आलेला चोर संथ गतीत कोसळतो आणि बघणारे गावकरी नेहमीच्या वेगात दिसतात. तिथे संथ आणि नेहमीची दृश्ये कापून जोडलेली आहेत. उतारात मात्र काप नसतो, एकाच दृश्यात वेळ ओघळते. म्हणूनच तिथे चूक लपत नाही.

पहिली अडचण अनपेक्षित होती. संथ भाग उत्तम दिसत होता, आणि नेहमीच्या वेगाचा भाग खडखडत होता. १०० फ्रेमचे चित्रण नेहमीच्या वेगाने दाखवायचे तर दर चौथी फ्रेम घ्यायची आणि मधल्या तीन टाकायच्या. मग पाय २० सेंटिमीटरच्या उड्या मारतो, पण प्रत्येक फ्रेममध्ये धूसरता फक्त ५ सेंटिमीटरची. डोळ्याला २० ला १० ची सवय आहे. कडा फार तीक्ष्ण, उड्या मोठ्या, म्हणून खडखड. शटर १/२०० ठेवले असते तर अडीच सेंटिमीटरच मिळाले असते आणि आणखी वाईट दिसले असते.

डोळा न मिटल्याचा फायदा इथे कामी आला. लागून आलेल्या दोन फ्रेम निम्म्या-निम्म्या मिसळल्या की ५ आणि ५ सेंटिमीटरचे पट्टे एकमेकांना टेकून १० सेंटिमीटरचा एक सलग पट्टा होतो. तो १/५० शटरने टिपलेल्या फ्रेमसारखाच असतो. यात काही रचलेले नाही, दोन खऱ्या निरीक्षणांची बेरीज आहे. करायची कृती अशी. १०० फ्रेमची वेगळी टाइमलाइन करावी. तिच्यात पट्टी ठेवावी, वर तीच पट्टी एक फ्रेम सरकवून ५० टक्के पारदर्शकतेने ठेवावी, आणि ही सगळी जोडगोळी मुख्य टाइमलाइनमध्ये एक पट्टी म्हणून घ्यावी. संथ भागात मात्र मिसळण नको, म्हणून उताराबरोबर वरच्या थराची टक्केवारी ५० वरून शून्यावर आणावी. आधीच्या भूताच्या उपायाशी याची गल्लत करू नये. तिथे फ्रेममध्ये पोकळी होती, इथे ती नाही.

मग उताराचा हिशोब. मला बारा फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या जवळपास अर्ध्या सेकंदात, नेहमीच्या वेगावरून चौपट संथ व्हायचे होते. सुरुवातीला दर पावलाला मूळच्या ४ फ्रेम खर्च होतात, शेवटी १. सरासरी अडीच, गुणिले बारा, म्हणजे ३० मूळ फ्रेम. म्हणून पाय सुटण्याची फ्रेम शोधायची, तिथून ३० फ्रेम मागे जायचे आणि उतार तिथे सुरू करायचा. पाय सुटतानाच उतार सुरू केला तर डावाचा सर्वांत महत्त्वाचा ०.३ सेकंद उतारातच निघून जातो. माझे आधीचे सारे उतार असेच उशिरा सुरू झालेले होते, आणि मी मात्र वक्ररेषा कमीजास्त वळवत बसलो होतो.

वक्ररेषेनेही एक पेच केला. सुंदर वळणदार रेषा दिली की पावले ३.७, ३.१, २.४ अशी अपूर्णांकात पडतात. संगणक ती जवळच्या पूर्णांकावर नेतो आणि चार, तीन, चार, तीन, दोन, तीन असा लंगडा क्रम होतो. इथे Optical Flow वापरले तर चालते, कारण आता शेजारच्या फ्रेममध्ये ५ सेंटिमीटरचेच अंतर आहे आणि रचायला फारसे उरत नाही. शिकवण्याच्या फिल्मसाठी मला तेवढेही नको होते. शेवटी मी वळण सोडले आणि पायऱ्या केल्या: तीन फ्रेम ४ च्या पावलाने, तीन ३ च्या, तीन २ च्या, तीन १ च्या. बेरीज बारा, नऊ, सहा, तीन, म्हणजे बरोबर ३०. चारही पायऱ्या नीट पाहिल्या तर कळतात. पण एकही फ्रेम रचलेली नाही, आणि कुस्ती पाहताना पायऱ्या मोजायला कोणाला सवड नसते.

वस्तादांनी ही पट्टी तीनदा पाहिली आणि पाय घालायला पोराने उशीर केला म्हणून पोरालाच बोलावून घेतले. माझ्या कामाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मला तेवढे पुरले.

काही दिवसांनी त्यांनी पत्र्याचा एक डबा आणून दिला. आत ८ मिलिमीटरची मूक रीळ होती, त्यांच्या वडिलांच्या कुस्तीची. कोणाकडून तरी ती आधी संगणकावर उतरवून घेतली होती, आणि त्यात वडील दुडूदुडू धावत हौद्यात उतरत होते. "हे हसण्यावारी झालंय," वस्ताद म्हणाले. "माझा बा असा नव्हता चालत." उतरवणाऱ्याने रिळातली प्रत्येक फ्रेम व्हिडिओची एक फ्रेम म्हणून घेतली होती, सेकंदाला २५. असे कॅमेरे सहसा १६ वर चालत, पण चावीचा कॅमेरा नेमका कितीवर चालला हे रिळावर लिहिलेले नसते.

अशा वेळी मी पडणारी वस्तू शोधतो. पृथ्वीची ओढ बदलत नाही. सव्वा मीटरवरून सुटलेली जड वस्तू अर्ध्या सेकंदात जमिनीवर येते. रिळात सत्काराच्या वेळी कोणाच्या तरी हातून छातीच्या उंचीवरून नारळ निसटताना दिसतो. फ्रेम मोजल्या, आठ भरल्या. अर्ध्या सेकंदाला आठ, म्हणजे सेकंदाला १६. एखादी फ्रेम इकडेतिकडे होऊ शकते, तेव्हा १४ ते १८ मध्ये कुठेतरी म्हणू. माती उधळलेली असेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नये, हवा तिला अडवते. फेट्याचेही तेच.

पीटर जॅक्सन यांनी २०१८ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या चित्रणाचा दे शॅल नॉट ग्रो ओल्ड हा माहितीपट केला. हाताने फिरवलेल्या त्या पट्ट्यांचे वेग वेगवेगळे होते. प्रत्येक तुकड्याचा मूळ वेग अंदाजाने ठरवून, मधल्या फ्रेम संगणकाने रचून त्यांनी सगळे सेकंदाला २४ वर आणले. सैनिक माणसांसारखे चालू लागले आणि बघणारे हेलावले. मीही हेलावलो. तरी त्या चेहऱ्यांच्या कित्येक फ्रेम कोणत्याही कॅमेऱ्याने पाहिलेल्या नाहीत, आणि पडद्यावर त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

वस्तादांच्या रिळासाठी मी ते केले नाही. १६ फ्रेम २५ मध्ये बसवायच्या तर काही फ्रेम एकदा आणि काही दोनदा दाखवाव्या लागतात, आणि चाल अडखळते. जुने प्रोजेक्टर प्रत्येक फ्रेम पडद्यावर तीनदा चमकवत, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, सगळ्यांना सारखा वाटा. आजचे बहुतेक संगणकाचे पडदे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात. म्हणून मी रीळ १५ वर लावले. मूळ वेगापेक्षा एक सोळांश संथ, पण प्रत्येक फ्रेम बरोबर चार वेळा. थोडी थरथर राहते, जुन्या रिळात असते तशी. नारळ आता पडायला अर्ध्या सेकंदापेक्षा किंचित जास्त वेळ घेतो, ते मी वस्तादांना सांगितले. त्यांनी वडिलांना दोनदा हौद्यात उतरताना पाहिले आणि म्हणाले, "ह्याला हात लावू नका आता."